नेट सुरू आहे, तरी स्पॉटिफाय ‘ऑफलाइन’ का म्हणतं? आणि डेटा वाचवायला तो मोड मुद्दाम कसा वापरायचा?

इथली माहिती स्पॉटिफायची आहे, कारण ‘ऑफलाइन’बद्दलचे सर्वाधिक प्रश्न त्याच्याविषयीच येतात. मेनूतली नावं ॲपमध्ये दिसतात तशीच दिली आहेत. आवृत्तीनुसार एखादा पर्याय इकडचा तिकडे गेलेला असू शकतो.

व्हॉट्सॲप चालतंय, ब्राउझर चालतोय, मग हेच ॲप ऑफलाइन कसं?

फोनवर वायफायची किंवा 5G ची खूण दिसते, याचा अर्थ फोन नेटवर्कला जोडलेला आहे, एवढाच. स्पॉटिफायला त्याच्या स्वतःच्या सर्व्हरपर्यंत पोहोचावं लागतं, खातं तपासून घ्यावं लागतं, आणि मग गाणं सलग ओढत राहावं लागतं. या वाटेत कुठेही अडथळा आला की ॲप ‘ऑफलाइन’ म्हणून मोकळं होतं. अडथळा कुठे आहे हे ते सांगत नाही, आणि खरी डोकेदुखी तीच आहे.

अडथळ्याच्या जागा मात्र मोजक्याच. ॲपमधला ऑफलाइन मोड चुकून सुरू राहिलेला असतो, फोननेच या ॲपचा मोबाइल डेटा बंद केलेला असतो, वायफाय नुसतं नावाला जोडलेलं असतं, रोजचा डेटा संपून वेग पार खाली आलेला असतो, किंवा व्हीपीएन, जाहिराती अडवणारं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी सेवा, ऑफिसची फायरवॉल असं काहीतरी मध्ये आडवं आलेलं असतं. क्वचित कधी स्पॉटिफायच बंद पडलेलं असतं.

सुरुवात कुठून करायची? मी तर थेट ॲप काढून पुन्हा टाकणार होतो.

तसं अजिबात करू नका. ॲप काढलं की उतरवलेली सगळी गाणी जातात, आणि दोष फोनच्या सेटिंगमध्ये असेल तर नव्याने टाकलेलं ॲपही तेच रडगाणं गाईल.

आधी ऑफलाइन मोड बघा. ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टॅप करा, `Settings and privacy` मध्ये जा आणि तिथून `Data-saving and offline` उघडा. `Offline mode` चं बटण सुरू असेल तर बंद करा. जुन्या आवृत्तीत हेच बटण `Playback` च्या खाली असायचं. फोन घरातल्या लहान मुलांच्या हातात जात असेल, तर शोध बहुतेक वेळा इथेच संपतो.

ते बंदच असेल तर एक छोटी चाचणी घ्या. वायफाय बंद करून फक्त मोबाइल डेटावर ॲप उघडा. मग मोबाइल डेटा बंद करून फक्त वायफायवर उघडा. दोन्ही वेळा ॲप अलीकडच्या ॲपच्या यादीतून पूर्ण बंद करून मगच उघडायचं, नाहीतर ते जुनीच अवस्था धरून बसतं. फक्त मोबाइल डेटावर अडत असेल तर दोष फोनच्या डेटा सेटिंगमध्ये किंवा रिचार्जमध्ये आहे. फक्त वायफायवर अडत असेल तर त्या वायफायमध्ये. दोन्हीकडे अडत असेल तर फोनभर लागू असणारं काहीतरी शोधायचं, म्हणजे व्हीपीएन, डीएनएस, घड्याळ, किंवा ॲप स्वतः. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि निम्म्याहून जास्त शक्यता तिथेच गळून पडतात.

घरी वायफायवर नीट चालतं. बाहेर पडलं की ऑफलाइन. डेटा पॅक तर शिल्लक आहे!

बहुतेक वेळा फोननेच या एका ॲपचा मोबाइल डेटा अडवलेला असतो.

आयफोनवर `Settings` मधलं `Mobile Data` उघडा. खाली सरकत गेलात की एकेक ॲप, त्याने वापरलेला डेटा आणि समोर हिरवं बटण अशी यादी दिसते. स्पॉटिफायसमोरचं बटण बंद असेल तर या ॲपसाठी मोबाइल डेटा नाहीच. बाकी सगळी ॲप चालत राहतात, म्हणून संशय कधी इकडे वळत नाही. महिन्याचा डेटा संपत आला म्हणून कधीतरी या यादीत चार-पाच बटणं बंद केलेली असतात, आणि नंतर ती विसरून जातात.

अँड्रॉइडवर दोन ठिकाणी बघायचं. पहिलं ठिकाण म्हणजे फोनचं `Data Saver`. ते सुरू असेल तर `Unrestricted data` च्या यादीत स्पॉटिफायला परवानगी द्या. दुसरं, ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरून `App info` उघडा, त्यात `Mobile data & Wi-Fi` किंवा तशाच नावाचा भाग असतो, आणि तिथे `Background data` सुरू हवं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय प्रत्येक ॲपपुढे मोबाइल डेटा आणि वायफाय असे वेगळे चौकोन असतात. त्यातली मोबाइल डेटाची खूण निघालेली असली की लक्षण हुबेहूब हेच: घरात गाणं, रस्त्यावर शांतता.

याची खात्री करायला एक सोपी खूण आहे. फोनमध्ये या ॲपने महिनाभरात किती मोबाइल डेटा वापरला ते बघा. तुम्ही रोज बाहेर ऐकायचा प्रयत्न करताय आणि तिथे शून्याच्या आसपास आकडा आहे, म्हणजे डेटा त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

सकाळी चालतं, संध्याकाळी ऑफलाइन होतं. असं कसं?

रोज 1.5 जीबी किंवा 2 जीबीचा पॅक असेल तर आधी शिल्लक डेटा तपासा. अशा बऱ्याच पॅकमध्ये दिवसाचा कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी. व्हॉट्सॲपचे मजकुराचे निरोप तेवढ्यात आरामात जातात. त्यामुळे ‘नेट तर चालू आहे’ असं वाटतं, आणि ते खोटंही नसतं.

आता हिशेब बघा. स्पॉटिफायवर `Normal` दर्जाचं गाणं साधारण 96 केबीपीएसने येतं. चार मिनिटांचं गाणं म्हणजे जवळपास 2.9 एमबी. 64 केबीपीएसच्या नळीतून ते यायलाच सहा मिनिटं लागतील. म्हणजे गाणं वाजण्याच्या वेगाने पोहोचूच शकत नाही, अडखळणारच. त्याआधी ॲप उघडताना मुखपृष्ठ, अल्बमची चित्रं, खात्याची तपासणी हे सगळं त्याच नळीतून यायचं असतं. दोनशे केबीचं एक चित्र ओढायलाच पंचवीस सेकंद जातात. ॲप थोडा वेळ वाट बघतं आणि ऑफलाइनचा फलक लावून टाकतं.

गंमत म्हणजे `Low` दर्जा साधारण 24 केबीपीएसचा आहे, तो 64 मध्ये सहज बसतो. म्हणजे ॲप एकदाचं उघडलं तर कोटा संपल्यावरही `Low` वर गाणं वाजू शकतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, ते वेगळं. रेडिओवरच्या गप्पा किंवा पॉडकास्ट ऐकायला चालून जाईल, शास्त्रीय गायन ऐकायला नाही.

मध्यरात्री नवा कोटा सुरू झाल्यावर सगळं आपोआप सुरळीत होत असेल, तर निदान पक्कं समजा.

रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर जोडलेलं दिसतं, पण ॲप ऑफलाइनच.

अशा वायफायवर आधी एका पानावर मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो. स्टेशनवरचं रेलवायर हे त्याचं ओळखीचं उदाहरण. ते पान भरलं जात नाही तोवर जोडणी असते, पण पुढे जायला वाट नसते. कुठलीही साधी वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडून बघा, बहुधा लॉगिनचं पान समोर येईल. ओटीपीचा व्याप नको असेल तर ते वायफाय `Forget` करून टाका. नाहीतर फोन प्रत्येक वेळी स्टेशनात शिरला की मोबाइल डेटा सोडून त्याच्या नादी लागेल.

ऑफिसच्या वायफायवरच अडतं.

बऱ्याच ऑफिस आणि कॉलेजांमध्ये गाण्याच्या सेवा नेटवर्कवरच अडवलेल्या असतात. तुमच्या फोनमध्ये दोष नाही आणि तुम्हाला करण्यासारखंही फार काही नाही. व्हीपीएन टाकून पळवाट काढण्यापेक्षा गाणी घरून उतरवून न्या. ऑफिसच्या नियमांशीही भांडण नाही आणि वेगाचीही कटकट नाही.

वायफाय असो की डेटा, दोन्हीकडे ऑफलाइनच दाखवतं. आता?

आधी फोनची तारीख आणि वेळ बघा. सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत फोनच्या घड्याळावरून तपासली जाते. बॅटरी पूर्ण उतरल्यामुळे फोनचं वर्षच मागे गेलं असेल तर ती तपासणी फसते. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू ठेवा.

मग व्हीपीएन बंद करून बघा. अँड्रॉइडवर `Private DNS` नावाची सेटिंग असते. जाहिराती दिसू नयेत म्हणून तिथे एखादा पत्ता टाकला असेल, तर तो पत्ता स्पॉटिफायच्या काही सर्व्हरनाही अडवत असू शकतो. ती सेटिंग तात्पुरती `Automatic` करा आणि ॲप पूर्ण बंद करून उघडा. चाललं, तर दोषी सापडला.

यानंतरच ॲपच्या आतलं `Clear cache` वापरा, ते `Storage` मध्ये असतं. त्याने तात्पुरत्या फाइल जातात, डाउनलोड राहतात. अँड्रॉइडच्या `App info` मधलं `Clear storage` किंवा `Clear data` मात्र वेगळं आहे. त्याने लॉगिन आणि डाउनलोड दोन्ही साफ होतात. नावं सारखी वाटतात म्हणून घाईत गफलत होते, आणि मग चारशे गाणी पुन्हा उतरवत बसावं लागतं.

विंडोजच्या संगणकावर ब्राउझर चालतो, पण स्पॉटिफाय ऑफलाइन.

डाव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि `File` मध्ये `Offline mode` समोर बरोबरची खूण आहे का बघा. मॅकवर हा पर्याय वरच्या पट्टीतल्या `Spotify` मेनूमध्ये असतो.

तिथे खूण नसेल तर कुठल्या नावाचा सर्व्हर कुठे शोधायचा हे संगणकाला सांगणारी hosts फाइल बघण्यासारखी आहे, विशेषतः जाहिराती अडवण्यासाठी कधीकाळी कुठलीशी स्क्रिप्ट चालवली असेल तर. नोटपॅड `Run as administrator` ने उघडा आणि त्यातून ही फाइल उघडा:

```
C:\Windows\System32\drivers\etc\hosts
```

फाइल दिसत नसेल तर खालच्या यादीत `All Files` निवडा. अशा प्रकारची ओळ सापडली तर ती काढून फाइल सेव्ह करा आणि स्पॉटिफाय पुन्हा उघडा:

```
0.0.0.0 weblb-wg.gslb.spotify.com
```

अशा ओळीचा अर्थ इतकाच, की या नावाचा सर्व्हर शोधायला निघालास तर कुठेच जाऊ नकोस. ब्राउझरमधल्या बाकी साइटना त्याने काही फरक पडत नाही, म्हणून इतर सगळं सुरळीत दिसतं. ज्या ओळीत `spotify` नाही, तिला हात लावू नका. त्या ऑफिसच्या किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या असू शकतात.

कधी दोष स्पॉटिफायचाच असतो का?

असतो, पण क्वचित. 16 एप्रिल 2025 ला स्पॉटिफाय जगभर काही तास विस्कळीत झालं होतं. त्याआधी 8 मार्च 2022 लाही असंच झालं, आणि तेव्हा कित्येक लोक आपोआप लॉगआउट झाले होते. अशा वेळी आणखी कुणाचं चालतंय का ते विचारा, किंवा एक्सवरचं `@SpotifyStatus` हे खातं बघा. तोवर स्वतःहून लॉगआउट करू नका. सर्व्हर बंद असताना पुन्हा आत शिरता येणार नाही, आणि फोनमध्ये असलेली गाणीही तेवढा वेळ हाताबाहेर जातील.

आता उलट प्रश्न. डेटा वाचवायला ऑफलाइन मोड मुद्दाम सुरू करून खरंच फायदा होतो?

होतो, पण किती होतो ते आकड्यांनी बघू. `High` म्हणजे 160 केबीपीएसवर तासाला साधारण 72 एमबी जातात. `Very high` म्हणजे 320 वर त्याच्या दुप्पट, 144 एमबी. रोज जाऊन-येऊन दोन तास लोकलमध्ये ऐकणारा माणूस घ्या. महिन्याचे 26 दिवस धरले तर 52 तास होतात, म्हणजे `High` वर पावणेचार जीबी आणि `Very high` वर साडेसात जीबीच्या आसपास. तीच शंभर गाणी तो आलटून-पालटून ऐकत असेल, सरासरी साडेचार मिनिटांची, तर `High` दर्जात ती एकदाच उतरवायला सुमारे 540 एमबी लागतात. तेही घरच्या वायफायवर.

रोज दोन जीबीचा पॅक असेल तर खरं सांगायचं, तुमचा डेटा गाणी खात नाहीत, रील्स खातात. ऑफलाइन मोड कामाला येतो तो मोजका डेटा असलेल्या दुसऱ्या सिमवर, परदेशात रोमिंगवर, आणि जिथे नेटवर्क सारखं येतं-जातं तिथे. कर्जत ते लोणावळा घाटात बोगद्यामागून बोगदे लागतात. ऑनलाइन असलेलं ॲप प्रत्येक बोगद्यानंतर पुन्हा सर्व्हर शोधायला धडपडतं, अडखळतं. ऑफलाइन मोडमध्ये ते शोधतच नाही, फोनमधली फाइल वाजवत राहतं.

गाणी उतरवलेली आहेत. मग मोड वेगळा कशाला? तशीही डाउनलोड झालेली गाणी डेटा खात नाहीत ना?

गाणं स्वतः खात नाही, भोवतालचं सगळं खातं. मुखपृष्ठाच्या शिफारसी, चित्रं, गाण्यामागे फिरणारे `Canvas` चे छोटे व्हिडिओ. आणि खरी गळती `Autoplay` ची. तुमची उतरवलेली प्लेलिस्ट संपली की ॲप ‘तशीच’ दुसरी गाणी आपणहून लावतं, आणि ती नेटवरून येतात. दुपारी डुलकी लागली, कानात हेडफोन राहिले, की तासन् तास हे चालू राहतं. ऑफलाइन मोड हे सगळं एका झटक्यात थांबवतो. मोड नको असेल तर निदान `Autoplay` आणि `Canvas` बंद ठेवा.

गाणी नीट उतरवण्याची पद्धत काय?

वायफायवर प्लेलिस्ट उघडा आणि खाली जाणाऱ्या बाणाचं चिन्ह दाबा. उतरलेल्या गाण्यापुढे तेच चिन्ह हिरवं होतं. मोबाइल डेटावर डाउनलोड करण्याची सेटिंग मुळात बंद असते, ती तशीच राहू द्या. फोनमध्ये किमान एक जीबी जागा मोकळी ठेवा. डाउनलोड सुरू असताना ॲप मागे टाकलं तर काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ते मध्येच थांबवतात, त्यामुळे ती काही मिनिटं ॲप समोरच राहू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातून निघण्याआधीच ऑफलाइन मोड सुरू करा आणि प्लेलिस्टमधलं अगदी शेवटचं गाणं लावून बघा. वरची गाणी आधी उतरतात, म्हणून पहिलं गाणं वाजलं याने काहीच सिद्ध होत नाही. काही गाणी करडी दिसत असतील तर ती उतरलेली नाहीत.

माझं खातं मोफत आहे. मला हे जमेल?

गाणी उतरवता येणार नाहीत, पॉडकास्ट येतील. मोफत खात्यावर ऑफलाइन मोडचा गाण्यांसाठी काही उपयोग नाही, त्याऐवजी ॲपमधलं `Data saver` वापरा. ते दर्जा कमी करतं आणि `Canvas` थांबवतं. पैसे भरण्याआधी योजनेत डाउनलोडची सोय आहे का तेही वाचून घ्या, कारण सगळ्यात स्वस्त सशुल्क योजनेत ती असेलच असं नाही.

ऑफलाइन मोडमध्ये काय-काय बंद होतं?

शोध फक्त उतरवलेल्या गाण्यांपुरता राहतो. ब्लूटूथचा स्पीकर किंवा गाडीतला ब्लूटूथ नेहमीसारखा चालतो, कारण त्याला नेट लागत नाही. वायफायवरचे स्पीकर आणि टीव्ही मात्र दुसऱ्या उपकरणावर गाणं लावायच्या `Connect` मधून दिसणार नाहीत. मित्राने तुमच्या सामाईक प्लेलिस्टमध्ये गाणं घातलं तर ते तुम्ही ऑनलाइन आल्यावरच दिसेल.

महिनाभर ऑफलाइनच ठेवलं तर चालेल?

नाही. दर 30 दिवसांत निदान एकदा ॲप ऑनलाइन यावं लागतं. त्याशिवाय तुमची वर्गणी सुरू आहे हे त्याला कळत नाही, आणि मुदत टळली की उतरवलेली गाणी वाजायची थांबतात. मोड सुरू ठेवून फोन रोज घरच्या वायफायला जोडलेला असला तरी उपयोग नाही, कारण मोड सुरू असेपर्यंत ॲप नेटकडे बघतच नाही. मोड बंद करा, वायफायवर काही मिनिटं ॲप उघडं ठेवा, मग पुन्हा सुरू करा. जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांनी किंवा नेट नसलेल्या गावी लांबच्या मुक्कामाला निघालेल्यांनी हे अगदी निघायच्या दिवशी करावं, म्हणजे पूर्ण 30 दिवस हातात राहतात. यूट्यूब म्युझिकच्या डाउनलोडलाही अशीच 30 दिवसांची अट आहे.

काहीच न करता डाउनलोड गायब झाले. ऑफलाइनही नव्हतो.

एकाच खात्याची गाणी पाच उपकरणांवर उतरवता येतात, प्रत्येकावर 10,000 गाण्यांपर्यंत. सहाव्यावर उतरवली की ज्या उपकरणावर तुम्ही सर्वात कमी ऐकता, त्यावरची निघून जातात. घरात एकच खातं सगळे वापरत असतील तर तो सहावा टॅब कुणाचा, हे आधी शोधा. तसं नसेल तर एसडी कार्ड काढलं होतं का, किंवा फोन ‘साफ’ करणारं एखादं ॲप गाण्यांच्या फाइलवर झाडू फिरवून गेलं का, ते बघा.